दिवेलागणीची घालमेल: डिमेन्शिया झालेल्या आईवडिलांचा दिवस कसा आखावा

डिमेन्शिया झालेल्या आईला किंवा वडिलांना सांभाळणाऱ्या बहुतेक घरांत दुपारी चारनंतरचे तीन-चार तास सर्वांत अवघड जातात. सकाळी शांतपणे पेज जेवलेली, नातवाशी दोन शब्द बोललेली आई संध्याकाळ होताच येरझाऱ्या घालू लागते, साडीचा पदर पुन्हा पुन्हा सोडून नेसते, कपाटातले कपडे पिशवीत भरते आणि दाराशी येऊन म्हणते, "वेळ जालो, म्हाका घरा वचपाचें आसा." ती ज्या घरात उभी राहून हे म्हणते, त्याच घरात तिने पन्नास वर्षे काढलेली असतात. वैद्यकीय भाषेत या संध्याकाळच्या वाढत्या अस्वस्थतेला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. या लेखात तेवढ्याच विषयाकडे पाहायचे आहे, कारण या वेळेचा विचार नीट केला की उरलेला दिवस आणि रात्रही बऱ्याच अंशी हाताशी येते.

असे का होते, याचे एकच कारण सांगता येत नाही. झोप आणि जाग यांचे वेळापत्रक सांभाळणारा मेंदूचा भाग अल्झायमरसारख्या आजारात झिजतो, त्यामुळे दिवस आणि रात्र यांच्यातली सीमारेषा शरीराला स्पष्ट राहत नाही. दिवसभर साध्या साध्या गोष्टी समजून घेण्यासाठी मेंदूला जास्तीचे श्रम पडतात आणि संध्याकाळपर्यंत तो थकतो. त्यात भर पडते ती भूक, तहान, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, गुडघेदुखी आणि अंधुक उजेडात पडणाऱ्या सावल्या यांची. आजार थांबवणे आपल्या हातात नसले, तरी या दुसऱ्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर घरात काही ना काही करता येते.

पुढचा सारा विचार एका घराच्या आधाराने करू. फोंडा तालुक्यातले जुने घर आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निदान होऊन तीन वर्षे झालेली. थोरला मुलगा पणजीला नोकरीला असून साडेसहाला परततो, सून घर आणि आईंचे सारे पाहते, नातू दहावीत आहे. धाकटा मुलगा आखातात, मुलगी म्हापशाला. हे घर उदाहरणादाखल घेतले आहे, पण यातली एकही गोष्ट अशी नाही, जी गोव्यातल्या अशा घरांत घडत नाही.

आधी आठवडाभर वही लिहावी

काहीही बदलण्यापूर्वी सात ते दहा दिवस एक साधी वही ठेवावी. अस्वस्थता सुरू झाली की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, त्याआधीच्या तासाभरात काय घडले, आपण काय केले आणि त्याने काय झाले. शेजारच्या पानावर रोजचे खाणे-पिणे, दुपारची झोप किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली, शौचाला झाले की नाही आणि कोणते औषध कधी दिले, एवढे लिहावे. ‘आज खूप त्रास दिला’ अशी नोंद उपयोगाची नसते. ‘साडेपाच वाजता दाराशी गेल्या, चहानंतर तासभर कोणी जवळ नव्हते, हाताला धरून आत आणल्यावर ओरडल्या’ ही नोंद उपयोगाची असते, कारण तिच्यात पुढच्या वेळी काय वेगळे करायचे हे दिसते.

आपल्या उदाहरणातल्या सुनेने अशी वही ठेवली तेव्हा तिला जे दिसले ते असे. आई एक वाजता जेवून दीडला आडव्या होत आणि साडेचारपर्यंत झोपत. उठल्यावर कपभर कडक चहा घेत, पण सकाळपासून पाणी जेमतेम दोन-तीन भांडी पोटात गेलेले असे. शौचाला दोन-दोन, तीन-तीन दिवस होत नसे. सहाच्या सुमारास सोप्यावरचा मंद बल्ब लागे आणि खांबांच्या सावल्या भिंतीवर पडत. साडेसहाला मुलाची मोटारसायकल अंगणात थांबे, हेल्मेट घातलेला माणूस आत येई आणि आई घाबरून आतल्या खोलीकडे वळत. सात वाजता दूरदर्शनसंच मोठ्याने सुरू होई आणि नेमक्या त्याच वेळी आखातातून धाकट्याचा व्हिडिओ कॉल येई, ज्यात तो दर वेळी विचारी, "आई, मी कोण, सांग पाहू?" वहीत हे सारे एकाखाली एक आल्यावर अस्वस्थतेचे कोडे उरले नाही.

शरीराच्या तक्रारी प्रथम

डिमेन्शिया झालेली व्यक्ती ‘माझे पोट दुखते’ असे सांगेलच असे नाही. ती कपडे ओढते, उठबस करते, चिडते किंवा नुसतीच कण्हते. म्हणून वागण्याकडे पाहण्याआधी शरीराकडे पाहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात साधारण दीड लिटर द्रव पोटात जावा आणि त्यातला मोठा भाग दुपारी चारच्या आत जावा. ‘पाणी पी’ असे सांगून काम होत नाही. दर दीड-दोन तासांनी अर्धे भांडे हातात द्यावे आणि समोर बसून आपणही प्यावे. पेजेचे निवळ, ताक, शहाळ्याचे पाणी आणि पातळ सोलकढी हे सारे त्या हिशेबात धरता येते, फक्त रक्तदाब असेल तर मीठ बेताने घालावे. पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण गिळण्याच्या अडचणीमुळे द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

लघवीसाठीही विचारत बसण्यापेक्षा वेळा ठरवाव्यात: उठल्यावर, जेवणाआधी, दुपारच्या झोपेनंतर, दिवेलागणीपूर्वी आणि निजताना. जुन्या घरांत न्हाणीघर आणि शौचालय मागच्या पडवीत असते, तिथली वाट अंधारी आणि पायरीची असते, आणि केवळ त्या भीतीने अनेक वृद्ध लघवी दाबून ठेवतात. वाटेवर दिवा, भिंतीला धरायला कठडा आणि शौचालयाचे दार उघडे राहील अशी सोय एवढ्यानेही फरक पडतो. शौचाला तिसरा दिवस उजाडला तर वाट न पाहता डॉक्टरांना विचारून सारक द्यावे.

दुखण्याबाबत एक खूण लक्षात ठेवावी. बसल्या जागेवरून उठताना, कूस बदलताना किंवा अंघोळीच्या वेळी चेहरा आक्रसत असेल, हात आवळले जात असतील, तर सांध्यांचे दुखणे असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या वेळी दिलेले साधे पॅरासिटामॉल कित्येकदा झोपेच्या गोळीपेक्षा अधिक काम करते.

घरातल्या औषधांची पिशवीही एकदा डॉक्टरांपुढे उघडावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. काही झोपेच्या व खाजेच्या औषधांत डायफेनहायड्रामाइन असते. लघवीच्या तक्रारीवरचे ऑक्सिब्युटिनिन आणि जुने ॲमिट्रिप्टिलिन ही औषधेही त्याच स्वभावाची आहेत. ही औषधे स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिनचे काम अडवतात आणि गोंधळ वाढवतात. उलट डिमेन्शियासाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलने हे रसायन टिकून राहण्यास मदत होते, पण रात्री घेतल्यास काहींना विचित्र स्वप्ने पडतात किंवा झोप लागत नाही. तसे होत असेल तर ती गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

दुपार आखली की संध्याकाळ हलकी होते

संध्याकाळची तयारी सकाळी सुरू होते. उठल्यावर किंवा पेजेनंतर अर्धा ते पाऊण तास उघड्या उजेडात, म्हणजे बलकावात, अंगणात किंवा तुळशीजवळ बसवावे. थेट उन्हाची गरज नाही, आकाशाचा उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची सर्वांत ठळक खूण हीच मिळते. अंघोळ, डॉक्टरांकडे जाणे, पाहुण्यांना भेटणे, बँकेत अंगठा किंवा सही देणे अशी दमवणारी कामे सकाळच्या वेळेतच उरकावीत. अंघोळीला विरोध होत असेल तर दहा-साडेदहाची वेळ, आधीच काढून ठेवलेले ऊन पाणी आणि अंगावर पांघरलेला पंचा ठेवून एकेक भाग धुण्याची पद्धत करून पाहावी. रोज डोक्यावरून पाणी घेतलेच पाहिजे हा आग्रह सोडावा.

दुपारची झोप पूर्ण बंद करणे चूक आहे, कारण दमलेला मेंदू संध्याकाळी अधिक बिथरतो. ती तीन तास चालू देणेही तितकेच चूक आहे. जेवणानंतर तीस ते पंचेचाळीस मिनिटे आणि फार तर अडीचपर्यंत, अशी मर्यादा ठेवावी. अंथरुणापेक्षा आरामखुर्चीत झोप लागली तर ती आपोआप हलकी राहते. सवय मोडताना रोज पंधरा मिनिटांनी कमी करत न्यावे, एकदम ओढून उठवू नये. एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात ही मर्यादा पाळणे कठीण जाते, तेव्हा निदान तीननंतर डोळा लागू नये एवढे पाहावे. कडक चहाचा शेवटचा कप तीनच्या सुमारास द्यावा. त्यानंतर चहाच हवा असेल तर दुधाचा, अगदी कमी पावडरीचा द्यावा.

चार वाजता पोटात काहीतरी पडले पाहिजे. गोव्यात संध्याकाळच्या पोदेराचा भोंपू हा खाण्याच्या वेळेचा फार चांगला संकेत आहे, कारण तो आवाज आईच्या कानाला लहानपणापासून ओळखीचा असतो. मऊ पाव दुधात बुडवून, केळे, शिरा किंवा गोडसर फोव असे काही द्यावे. मधुमेह असेल तर गोडाऐवजी उसळ किंवा अंडे द्यावे. पुष्कळदा पाच वाजताची चिडचिड ही निव्वळ भूक असते.

उजेड, सावल्या आणि आवाज

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. पावसाळ्यात मात्र ढग दाटून आले की चार वाजताच घरात काळोख होतो. म्हणून घड्याळाकडे न पाहता बाहेरच्या उजेडाकडे पाहून दिवे लावावेत आणि ते उजेड कमी होण्यापूर्वी अर्धा तास लावावेत. एका मोठ्या झगझगीत दिव्यापेक्षा खोलीत दोन-तीन ठिकाणी दिवे असले की सावल्या कमी पडतात. खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, कारण बाहेर अंधार झाला की काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि आईला ते परके माणूस वाटू शकते. आरशाबाबत तसेच घडत असेल तर त्यावर कापड टाकावे. जमिनीवरचे गडद पायपुसणे काहींना खड्ड्यासारखे दिसते आणि पाय पुढे पडत नाही. ते उचलावे किंवा जमिनीच्या रंगाचे घालावे.

पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. इन्व्हर्टर नसेल तर आपोआप पेटणारे बॅटरीचे दिवे सोपा, शयनखोली आणि शौचालयाच्या वाटेवर ठेवावेत. मेणबत्ती किंवा चिमणी नको, कारण साडीचा पदर आणि थरथरता हात यांच्याजवळ ज्योत असणे धोक्याचे आहे. तुळशीपुढे सांजवात लावण्याची आईची सवय मात्र मोडू नये. घरचे कोणीतरी शेजारी उभे राहून, अंधार पडण्यापूर्वी ती लावू द्यावी. ते त्यांचे काम आहे आणि त्यांच्या दिवसाला त्याने शेवटाची खूण मिळते.

दूरदर्शनसंचावर बातम्या आणि मालिका या वेळेत बंद ठेवाव्यात. पडद्यावरचे भांडण किंवा अपघात आपल्याच घरात घडतो आहे असे डिमेन्शियाच्या मधल्या टप्प्यातल्या व्यक्तीला वाटू शकते. पाठ असलेले अभंग, आरती किंवा जुनी गाणी हळू आवाजात चालतात, पण तीही सतत नकोत.

चार ते सात हातांना काय द्यावे

रिकामे बसणे हे अस्वस्थतेचे मोठे कारण असते. नवी माहिती टिकवणारी स्मृती आधी जाते, पण हातांनी वर्षानुवर्षे केलेली कामे बराच काळ शाबूत राहतात. म्हणून या वेळेसाठी काम निवडताना ‘मेंदूला व्यायाम’ देणारी कोडी शोधू नयेत, आईने आयुष्यभर काय केले ते आठवावे.

आपल्या घरातल्या आई देवळासाठी अबोलीच्या फाती करत असत. सुनेने परसातली अबोली आणि भिजवलेला केळीचा सोप एका ताटात मांडून साडेचार वाजता समोर ठेवला. पहिल्या दिवशी आईंनी फुले नुसती चिवडली. दुसऱ्या दिवशी सून शेजारी बसून स्वतः ओवू लागली, तेव्हा आईंनी तिच्या हातातून दोरा काढून घेतला, दोन फुले उलट्या दिशेने जोडली, अंगठ्याखाली दाबली आणि गाठ मारली. नातवाचे नाव त्यांना त्या दिवशी आठवत नव्हते. फात सैल होती, मधली फुले गळत होती. ती तशीच देवापुढे ठेवायची, पुन्हा बांधून सुधारायची नाही, हे घरच्यांनी ठरवले आणि ते योग्यच होते.

इतरांकडे हेच काम तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, चिंचेतले चिंचोके काढणे, वाळलेले पंचे घडी करणे किंवा बागायतीत राबलेल्या वडिलांसाठी सुपाऱ्या लहान-मोठ्या वेगळ्या करणे असे असू शकते. कच्च्या वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर कपड्यांसारखे निर्धोक काम द्यावे. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. त्यानंतर शक्य असेल तर उजेड असेपर्यंत देवळापर्यंत किंवा वाड्यावर छोटी फेरी मारावी.

"घरा वचपाचें आसा" म्हटल्यावर

इथे घरच्यांकडून होणारी सर्वांत सामान्य गोष्ट म्हणजे समजावणे: "आई, हेच तुझे घर, हे बघ बाबांचा फोटो." हे बोलणे खरे असते, पण ते त्या क्षणी पोहोचत नाही. उलट आपले कोणी ऐकत नाही, आपल्याला अडवून ठेवले आहे, एवढेच आईच्या मनात उरते. पुढचा क्रम करून पाहावा.

प्रथम समोरून, दिसेल असे जवळ जावे आणि उभ्या असतील तर आपणही उभे राहावे, बसल्या असतील तर डोळे एका पातळीवर येतील असे बसावे. मागून खांदा धरू नये. मग भीती किंवा ओढ ओळखून ती शब्दांत मांडावी. सून विचारते, "आई, घरा कोण कोण आसात?" आई भावंडांची नावे घेतात, विहिरीची, आंब्याच्या झाडाची गोष्ट निघते. ज्या घराकडे जायचे आहे ते माहेरचे, लहानपणीचे आहे, हे कळते. दोन मिनिटे त्या घराबद्दलच बोलावे. त्यानंतर शरीराची गरज पाहावी: शौचालयाला नेऊन आणावे, पाणी द्यावे. मग म्हणावे, "च्या घेवया, मागीर भायर सरया." आणि खरोखरच बाहेर पडावे. चप्पल घालून, हात धरून, वाड्यावरून दहा मिनिटांची फेरी मारून त्याच दाराने परत आत यावे. कित्येकदा परत येणे हेच घरी पोहोचणे ठरते.

मृत आईची किंवा पतीची चौकशी होते तेव्हा ‘ते कधीच वारले’ हे रोज सांगू नये, कारण ती बातमी त्यांना दर वेळी नव्याने कळते आणि दुःखही नव्याने होते. ‘येतीलच आता’ असे खोटे सांगण्याचीही सहसा गरज पडत नाही. ‘त्यांची आठवण येते ना? काय करायचे ते संध्याकाळी?’ एवढा प्रश्न बहुधा पुरतो. यातूनही आई ऐकतच नसतील आणि पडण्याचा किंवा रस्त्यावर धावण्याचा धोका असेल, तर शांतता राखणारे एखादे अर्धसत्य बोलल्याचा अपराधभाव बाळगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हात उगारला गेला तर वाद न घालता दोन पावले मागे व्हावे, खोलीतली इतर माणसे बाहेर पाठवावीत आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा नव्याने यावे.

दार, विहीर आणि रात्र

फेरी मारण्याची ओढ कोणी नसताना उठली तर काय, याची तयारी आधीच हवी. दाराला वर किंवा अगदी खाली, नेहमी हात जात नाही अशा जागी कडी बसवावी आणि दार उघडले की वाजेल अशी घंटा लावावी. कुलूप लावून व्यक्तीला घरात एकटे सोडणे मात्र कधीही करू नये. अंगणातल्या बांयवर लोखंडी जाळी आणि तिला कुलूप, हे काम आजच करून घ्यावे. नाव आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून परकराच्या खिशात किंवा ब्लाउजच्या आत शिवावी. अलीकडचा एक स्पष्ट फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. शेजारी, पोदेर, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि तिठ्यावरचे मोटारसायकल पायलट यांना आजाराची कल्पना द्यावी. आजार लपवण्यात लाज राखली जाते असे वाटते खरे, पण बाहेर पडलेल्या वृद्धाला हीच माणसे सर्वांत आधी पाहतात. शोधूनही सापडत नसेल तर रात्र होण्याची वाट न पाहता ११२ वर कळवावे.

रात्रीचे जेवण साडेसातपर्यंत, हलके द्यावे. निजताना शौचालय, सैल सुती कपडे, वाटेवर मंद दिवा. रात्री जाग आली तर मोठे दिवे लावू नयेत, बोलणे कमी ठेवावे आणि पुन्हा शौचालयाला नेऊन आणून झोपवावे.

घरच्यांनी वाटणी कशी करावी

हे सारे एकट्या सुनेने किंवा मुलीने करायचे ठरले, तर कोणतेही वेळापत्रक महिन्याभरात मोडते. वाटणी करताना ‘सगळ्यांनी मदत करावी’ असे मोघम न ठेवता तास वाटून घ्यावेत. पैसे देऊन मदतीला बाई ठेवायची असेल तर ती सकाळऐवजी चार ते आठ या वेळेत ठेवावी, आणि स्वयंपाक तिच्याकडे देऊन ओळखीच्या माणसाने आईजवळ बसावे. नवा चेहरा संध्याकाळी एकदम आईजवळ ठेवला तर बिघडते. तो आधी काही दिवस सकाळी भेटावा.

आपल्या घरात असे ठरले. थोरला मुलगा फाटकाबाहेरच हेल्मेट काढतो, दारातून "आई, हांव आयलों," असे आपले नाव घेऊन आत येतो आणि सात ते साडेआठ आईजवळ बसतो, त्या वेळेत बायकोला कोणी हाक मारत नाही. धाकटा कॉल सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता करतो, ‘मी कोण’ हा प्रश्न विचारत नाही, स्वतःच नाव सांगतो आणि मदतीच्या बाईचा पगार देतो. मुलगी महिन्यातून दोन शनिवार-रविवार इथेच येऊन राहते. आईंना म्हापशाला नेण्याचा प्रयत्न एकदा झाला, पण अनोळखी जागेत त्या रात्रभर झोपल्या नाहीत, म्हणून तो सोडला. नातवाकडे रोज एकच काम आहे, फेरी मारायला सोबत जाणे. चवथीला सारे कुटुंब जमते तेव्हा आईंना सकाळच्या पूजेला बसवतात, संध्याकाळी आरतीच्या गोंगाटापूर्वी आतल्या खोलीत एकजण त्यांच्याजवळ राहतो.

हे बदल एकदम केले नव्हते. दर चार-पाच दिवसांनी एकच बदल केला, त्यामुळे कशाने काय झाले हे वहीत कळत गेले. सर्वाधिक फरक दुपारची झोप कमी केल्याने आणि कॉलची वेळ बदलल्याने पडला. दाराशी जाणे पूर्ण थांबले नाही. पूर्वी रोज तासन्‌तास चाललेली घालमेल आता काही संध्याकाळी होते आणि अर्ध्या तासात निवते. यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवू नये.

सांभाळणाऱ्या व्यक्तीची झोप सतत मोडत असेल, आईवर हात उचलावासा वाटत असेल, जेवण नकोसे झाले असेल किंवा ‘हे संपले तर बरे’ असे विचार येत असतील, तर तोही उपचाराचा विषय आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर त्याबद्दल बोलता येते, आणि ज्येष्ठांविषयीच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. अशा मदतीचा उपयोग होतो याचा पुरावा गोव्यातच आहे: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथल्या ८१ कुटुंबांपैकी सुमारे निम्म्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने भेटी दिल्या, आजार समजावला, वागणूक कशी हाताळावी हे शिकवले, आणि त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा सुधारले.

अचानक बिघडले तर

डिमेन्शिया महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आई पार बदलली, तर तो डिमेन्शिया ‘वाढला’ असे समजून बसू नये. त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे बहुधा उपचार करता येणारे कारण असते: मूत्रमार्गाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, तीव्र बद्धकोष्ठता, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, नवे औषध, नकळत झालेले पडणे. खूण अशी की व्यक्ती एका घटकेला जागी आणि दुसऱ्या घटकेला गुंगीत असते, एका वाक्यापुरतेही लक्ष टिकत नाही, आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात.

आपल्या घरातही हे घडले. व्यवस्थित चाललेल्या महिन्यानंतर आई एका मंगळवारी सकाळीच पेंगू लागल्या, फुलांच्या ताटाकडे पाहिनात, रात्री भिंतीवर माणसे आहेत म्हणून ओरडल्या. ताप नव्हता, आणि वृद्धांत तो कित्येकदा नसतोच. वहीवरून दिसले की चार दिवस पाणी कमी गेले आहे आणि लघवी वारंवार, थोडी-थोडी होते आहे. डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासले, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, औषध सुरू झाले. गुंगी तीन-चार दिवसांत उतरली, पण संध्याकाळची घडी पूर्ववत बसायला दोन-तीन आठवडे गेले. डिलिरियमनंतर तेवढा काळ, कधी त्याहूनही अधिक, लागतो.

तापासह गुंगी, डोक्याला मार, श्वासाला त्रास, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अचानक अडखळणे यांपैकी काहीही असेल तर १०८ ला बोलवावे. दिनक्रम महिनाभर नेटाने पाळूनही मारहाण, तीव्र संशय किंवा रात्रीच्या रात्री जागरण चालू असेल, तर बांबोळी येथील मनोविकारशास्त्र आणि मानवी वर्तन संस्थेत किंवा गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. तिथे शांत करणारी अँटिसायकोटिक औषधे सुचवली गेली, तर किती दिवसांसाठी, किती कमी मात्रेत आणि कधी थांबवायची, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. डिमेन्शियाच्या वृद्धांत या गटातल्या औषधांमुळे पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर त्यांचा फार वाईट परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्यावी. ‘संध्याकाळी त्रास होतो’ या वाक्यापेक्षा त्या दहा पानांवरून त्यांना अधिक कळते.

दर दोन-तीन महिन्यांनी एक आठवडा वही पुन्हा लिहावी, कारण आज बसलेली घडी आजाराबरोबर जुनी होते. फाती ओवणाऱ्या बोटांना काही काळाने गाठ जमेनाशी होईल, तेव्हा ताटात फुले वेगळी करण्याचे काम ठेवावे, आणि तेही जमेनासे झाले की हातात मऊ पंचा द्यावा. वाड्यावरची फेरी अंगणापुरती आणि मग बलकावातल्या खुर्चीपुरती उरेल. वेळा मात्र त्याच ठेवाव्यात.